कारखाना ओलांडून थेट सेवाक्षेत्रात: अकाली निरुद्योगीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकाली निरुद्योगीकरण म्हणजे नेमकं काय?

देशाचं उत्पन्न वाढत गेलं की आधी शेतीतली माणसं कारखान्यात जातात. पुढे कारखान्यातली माणसं कमी होतात आणि दुकान, बँक, दवाखाना, कचेरी अशा सेवांमधली वाढतात. या दुसऱ्या टप्प्यात रोजगारातला कारखानदारीचा वाटा उतरू लागतो. त्यालाच निरुद्योगीकरण म्हणतात. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धापूर्वी शंभरातले सुमारे ४५ कामगार कारखानदारीत होते, आज दहासुद्धा नाहीत. तिथे हे पोट भरल्यानंतर झालं, म्हणून त्याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही.

हीच उतरण देश गरीब असतानाच सुरू झाली तर तिला 'अकाली' म्हणतात. दक्षिण कोरियात हा वाटा १९८९ च्या सुमारास २८ टक्क्यांपर्यंत चढला आणि मग उतरायला लागला. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यात तो साधारण १६ टक्क्यांवरूनच माघारी फिरला. भारतात तर तो १२-१३ टक्क्यांच्या पुढे कधी गेलाच नाही. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी हा विषय गेल्या दशकात चर्चेत आणला. त्यांचा हिशेब असा, की पश्चिम युरोपातल्या देशांनी कारखानदारीचं शिखर गाठलं तेव्हा त्यांचं दरडोई उत्पन्न १९९० च्या डॉलरमध्ये सुमारे १४,००० होतं. भारत आणि आफ्रिकेतले बरेच देश सुमारे ७०० डॉलरवरच शिखराला पोचले. इतक्या ठेंगण्या टेकाडाला शिखर म्हणावं का, हा प्रश्न रास्त आहे.

पण चाकण, रांजणगाव, वाळूज सगळं भरलेलं दिसतं. उतार आहे कुठे?

कारखान्यांच्या इमारती मोजल्या तर उतार दिसणार नाही. तो माणसं मोजल्यावर दिसतो.

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ चे आकडे असे आहेत. देशातल्या दर शंभर काम करणाऱ्यांपैकी ४६ शेतीत, १२ बांधकामात, १२ व्यापार आणि हॉटेलांत, साडेअकरा-बारा इतर सेवांत, साडेपाच वाहतूक, साठवणूक आणि दळणवळणात, आणि कारखानदारीत साडेअकरा. म्हणजे देशभरात कारखान्यांपेक्षा इमारतींच्या साइटवर जास्त माणसं आहेत. २०११-१२ मध्ये कारखानदारीचा वाटा साडेबारा टक्क्यांच्या जवळ होता. दशकभरात अर्थव्यवस्था खूप वाढली, पण हा वाटा वाढला नाही, उलट टक्काभर घसरला.

उत्पादनाच्या मोजणीत मात्र चित्र वेगळं दिसतं. २०११-१२ च्या स्थिर किमतींनी, म्हणजे भावातला बदल वगळून, मोजलं तर कारखानदारीचा वाटा सतरा टक्क्यांच्या आसपास टिकून आहे. चालू किमतींनी मोजलं तर तो चौदाच्या जवळ येतो, कारण कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तू सेवांच्या मानाने स्वस्त होत गेल्या. मोबाइलचा भाव आणि शाळेची फी शेजारी ठेवली तर हे कुणालाही पटेल. त्यामुळे 'निरुद्योगीकरण झालं' आणि 'कुठे झालं?' असं म्हणणारे दोघेही आपापल्या आकड्यांपुरते खरे असतात. कुणी आकडा फेकला तर तो रोजगाराचा आहे की उत्पादनाचा, आणि उत्पादनाचा असला तर कोणत्या किमतींनी, हे आधी विचारावं. माझ्या लेखी रोजगाराचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण या प्रश्नातला समाजाचा भाग त्यातच दिसतो.

मुंबईच्या गिरण्या संपामुळे बंद पडल्या. हे त्याचंच उदाहरण ना?

उदाहरण आहे, पण सगळा दोष संपावर टाकला की त्यातलं शिकण्यासारखं निसटतं.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी उभारायला घेतली आणि दोनेक वर्षांत ती चालू झाली. सव्वाशे वर्षांनी, संपाच्या तोंडावर, साठेक गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगार होते. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेल्याची घोषणा कधीच झाली नाही. वर्ष-दीड वर्षात लोक जमेल तसे कामावर परतले आणि लाखाहून अधिक जण परतू शकले नाहीत.

पण गिरण्यांच्या विणाईखात्याला घरघर आधीच लागली होती. १९५६ पासून सरकारने गिरण्यांमधल्या मागांची संख्या जवळजवळ गोठवून टाकली होती. हेतू हातमागाला वाचवण्याचा होता. गिरणीला मागांची संख्या वाढवता येईना, पण कापडाची मागणी तर वाढत होती. ती जागा हातमागाने घेतली नाही. घेतली यंत्रमागाने. चार-सहा माग टाकून बसलेल्या लहान यंत्रमागधारकाला अबकारी करात दीर्घकाळ सवलत होती, त्याला फॅक्टरी कायदा क्वचितच लागू व्हायचा, आणि महागाई भत्ता, ग्रॅच्युइटी, बदली कामगारांचे हक्क हा खर्च त्याच्याकडे नव्हताच. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी वाढली ती अशी.

संपाच्या काळात तर कित्येक मालकांनी भिवंडीतून कापड विणून घेतलं आणि स्वतःच्या छापाने विकलं. संप फार लांबूनही मालक का वाकले नाहीत, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं गोदामांत पडून असलेल्या, न विकलेल्या मालात होतं.

आणि कामगारांना सामंतांकडे जावंसं का वाटलं? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा त्या संघावर विश्वास उरला नव्हता, पण संघ बदलण्याची कायदेशीर वाट इतकी अरुंद होती की शेवटी सगळं रस्त्यावर आलं.

मग ते काम गेलं कुठे? कापड तर अजूनही आपण वापरतोच.

काम गेलं नाही, त्याची प्रत उतरली. या विषयातला हा भाग मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो, कारण आंतरराष्ट्रीय चर्चेत तो जवळजवळ गायब असतो.

भारतातलं बहुतांश कापड आज यंत्रमागावर विणलं जातं. सूतकताई आणि विणाई एकाच आवारात करणाऱ्या एकात्मिक गिरण्यांचा वाटा अगदी किरकोळ उरला आहे. म्हणजे विणकाम हा व्यवसाय वाढला, पण कारखाना या संस्थेतून बाहेर पडून. इचलकरंजीत 'खर्चीवाला' यंत्रमागधारक असतो. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. खर्चीवाल्याचे फक्त माग आणि शेड. त्याला मीटरला किती पिक बसतात त्यावर मजुरी मिळते, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती त्यावर. माग चालवणाऱ्या कामगारालाही मीटरवरच पैसे. वीजदर वाढला, सुताचा भाव हलला, व्यापाऱ्याने माल उचलायला उशीर केला, की फटका आधी खर्चीवाल्याला आणि त्याच्या पाठोपाठ कामगाराला.

आता गिरणीतला कामगार आणि हा कामगार यांच्या कामात यंत्राच्या बाजूने फार अंतर नाही. दोघेही मागावर उभे आहेत. पण गिरणीत पगार महागाई निर्देशांकाला बांधलेला होता, भविष्यनिर्वाह निधी होता, ईएसआयचा दवाखाना होता, आणि बदली म्हणून लागलेला पोरगा काही वर्षांनी कायम होण्याची शक्यता होती. गिरणी नवी यंत्रं घेऊ शकत होती, कारण बँक तिला कर्ज देत होती. चार मागांच्या शेडला ते जमत नाही, म्हणून सेकंडहँड माग वर्षानुवर्षं तेच राहतात. इचलकरंजीत बिनधोट्याचे आधुनिक माग आले आहेत हे खरं, पण ते ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांच्याकडे.

आकडेवारीत मात्र हे दोन्ही कामगार 'कारखानदारी' याच रकान्यात मोजले जातात. त्यामुळे साडेअकरा टक्के हा आकडाही परिस्थिती थोडी बरी करूनच दाखवतो.

आणि गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं?

थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला विकसित करायला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी सगळ्या जमिनीऐवजी फक्त मोकळ्या भूखंडाला लागू झाली. शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला त्यामुळे फार थोडं आलं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती उचलून धरली.

फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेलं आली. सेवाक्षेत्राची वाढ म्हणतात ती हीच. या जागांवर आज कदाचित तितकीच माणसं काम करत असतील, पण ती दोन टोकांची आहेत. वरच्या मजल्यावर विश्लेषक, वकील, जाहिरातवाले. खाली सुरक्षारक्षक, सफाई कामगार, वेटर, पार्सल पोचवणारी मुलं. मधला, सातवी शिकून लागलेला आणि दहा वर्षांत घर चालवण्याजोगा पगार घेणारा माणूस त्या आवारातून नाहीसा झाला.

कारखान्यात असं काय होतं, जे सेवाक्षेत्र देऊ शकत नाही?

तीन गोष्टी एकाच छताखाली होत्या.

पहिली, अल्पशिक्षित माणसाला प्रवेश. रत्नागिरी किंवा साताऱ्यातून आलेला, जेमतेम लिहिता-वाचता येणारा माणूस ओळखीतल्या जॉबरमार्फत, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमामार्फत, गिरणीत लागायचा आणि थोड्याच महिन्यांत कामाला उपयोगी पडायचा.

दुसरी, उत्पादकता वाढण्याची सोय. त्याच माणसाला चांगलं यंत्र दिलं की त्याच्या हातून दुप्पट कापड निघतं, त्याला पदवी घ्यावी लागत नाही. रॉड्रिक यांनी वेगळ्या अभ्यासात दाखवलं आहे, की औपचारिक कारखानदारीत मागे असलेले देश पुढच्यांना आपोआप गाठत जातात. शासन चांगलं असो वा वाईट, शिक्षण बरं असो वा नसो. एकूण अर्थव्यवस्थेबद्दल तसं म्हणता येत नाही.

तिसरी, बाजारपेठेला मर्यादा नाही. कापड, बूट, सायकल हा माल जहाजात घालून कुठेही विकता येतो. गावाचा खिसा रिकामा असला तरी कारखाना चालू शकतो.

आता सेवा घ्या. सॉफ्टवेअरला दुसरी आणि तिसरी गोष्ट लागू आहे, पण पहिली अजिबात नाही. इंग्रजी आणि पदवीशिवाय दारातही उभं राहता येत नाही. सुरक्षारक्षक, केशकर्तनालय, वडापावची गाडी यांना पहिली लागू आहे, पण दुसरी आणि तिसरी नाही. न्हाव्याला कितीही चांगली कात्री दिली तरी तासाला दहा डोकी होणार नाहीत, आणि त्याचं गिऱ्हाईक त्याच्याच गल्लीतलं असणार. त्या गल्लीचं उत्पन्न वाढलं तर त्याचं वाढेल. पण गल्लीचं उत्पन्न कशाने वाढणार?

'सेवाक्षेत्र' हा शब्द एक असला तरी त्यात या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. सरासरी काढली की सगळं छान दिसतं.

आयटी आणि परदेशी कंपन्यांची केंद्रं एवढी वाढताहेत, तेवढं पुरणार नाही का?

आयटी आणि संलग्न सेवांत देशभरात ५४ लाखांच्या आसपास थेट रोजगार आहे. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती २०२४ मध्ये सतराशेच्या घरात होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक होते. बंगळुरू आणि हैदराबादसोबत पुणे हे त्यांचं मोठं ठिकाण आहे. हे यश खरं आहे आणि त्याला नाक मुरडणं मला पटत नाही. याच कमाईवर देशाची परकीय चलनाची बाजू बरीचशी तरली आहे.

पण भारतात काम करणारी माणसं पन्नास कोटींच्या वर आहेत. त्यांत आयटीचा वाटा एक टक्क्याच्या जवळपास आहे. एका आयटीवाल्यामागे ड्रायव्हर, स्वयंपाकीण, घरमालक, हॉटेलवाला असे तीन-चार रोजगार तयार होतात असं सांगितलं जातं. होतही असतील. ते रोजगार मात्र वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारचे आहेत, म्हणजे हिंजवडीत पगार वाढला तर यांचा वाढणार, स्वतःच्या बळावर नाही.

महाराष्ट्राचंच बघा. राज्याच्या मूल्यवृद्धीत सेवांचा वाटा साठ टक्क्यांच्या वर आहे, शेतीचा बारा टक्क्यांच्या आसपास. आणि तरी राज्यातली जवळजवळ निम्मी कामकरी माणसं शेतीवर आहेत. सेवा वाढल्या, पण शेतातून माणसं उचलून आत घेण्याचं काम त्यांनी केलेलं नाही.

मग शेतातून निघालेला माणूस जातो कुठे?

मुख्यतः बांधकामावर. २००४-०५ नंतर रोजगारात सगळ्यात वेगाने वाढलेलं मोठं क्षेत्र तेच. सहा टक्क्यांच्या आत असलेला त्याचा वाटा सात वर्षांत दहाच्या वर गेला. ही धड कारखानदारी नाही आणि धड सेवा नाही. काम हंगामी, ठिकाण बदलतं, ठेकेदार बदलतो, आणि पंधरा वर्षं विटा वाहूनही माणूस पुष्कळदा विटाच वाहतो. म्हणून तो गाव सोडत नाही, गाव आणि साइट यांच्यात येरझाऱ्या घालतो. पेरणीला परत, काढणीला परत.

२०१८-१९ मध्ये शेतीतला वाटा साडेबेचाळीस टक्के होता. कोविडच्या वर्षात तो वाढला, आणि कोविड ओसरल्यावरही ४६ च्या आसपासच राहिला. वाढ झालेल्यांत घरच्या शेतीत बिनपगारी राबणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत. काही अभ्यासक याला मोजणी सुधारल्याचा परिणाम मानतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण कारखाने बोलावत असते तर इतकी माणसं शेतात मोजायला सापडली नसती.

याशिवाय ॲपवरची कामं. नीती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख कामगार होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील.

हा सगळा मोजणीचा भ्रम तर नाही? पूर्वी कारखान्यात मोजली जाणारी माणसं आता ठेकेदाराकडे मोजली जातात.

काही अंशी आहे. एक काल्पनिक कारखाना घेऊ. हजार माणसं, त्यांतली ८८० यंत्रांवर आणि १२० कँटीन, पहारा, साफसफाई, वाहनं यांवर. उद्या मालकाने ही १२० कामं बाहेरच्या एजन्सीला दिली. यंत्रं तीच, माणसंही बहुधा तीच, पण आकडेवारीत कारखानदारी १२ टक्क्यांनी घटली आणि सेवाक्षेत्र तितकंच वाढलं.

म्हणून उतरणीतला काही भाग निव्वळ रकाना बदलल्यामुळे दिसतो. मात्र भारताच्या बाबतीत यावर फार भर देता येत नाही. आपल्याकडे प्रश्न मोठा वाटा घसरल्याचा नाही. वाटा मुळात चढलाच नाही, हा प्रश्न आहे. आणि रकाना बदलला तरी त्या १२० जणांचा पगार आणि सुरक्षितता सहसा खाली येते. ते काही भ्रमात मोडत नाही.

कारण काय? यंत्रं, चीन, की आपले कामगार कायदे?

श्रीमंत देशांत मुख्य कारण यंत्रं. गरीब देशांत मात्र व्यापाराची बाजू अधिक जोरात लागते. लहान देश जागतिक बाजारातला भाव ठरवू शकत नाही, मिळेल तो घ्यावा लागतो. दुसऱ्या देशांतल्या यंत्रांमुळे किंवा चीनच्या प्रचंड उत्पादनामुळे भाव पडला, की इथल्या कारखान्याने काहीही चूक न करता त्याचा नफा संपतो. रॉड्रिक याला निरुद्योगीकरण आयात होणं म्हणतात. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आल्यावर लॅटिन अमेरिकेने हे ठळकपणे अनुभवलं.

भारताच्या बाबतीत मी मोठा दोष आपल्याच धोरणाला देईन, पण नेहमी सांगितलं जातं त्या कलमाला नाही. शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कपातीसाठी सरकारची परवानगी, हा नियम बराच काळ होता आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा ३०० केली आहे. त्याने कारखाने लहान राहिले, हे काही प्रमाणात खरं. पण मालकांनी त्यावर वाट केव्हाच काढली होती. २००० च्या सुमारास कारखान्यांतल्या कामगारांपैकी पाचवा हिस्सा कंत्राटी होता, आता सुमारे चाळीस टक्के आहे. कायदा खरंच इतका आवळत असता, तर या चाळीस टक्क्यांच्या जोरावर रोजगार फुलायला हवा होता. तो फुलला नाही.

मला अधिक जड वाटतं ते लघुउद्योगांसाठीचं आरक्षण. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या यादीत पुढे आठशेच्या वर वस्तू गेल्या. म्हणजे त्या वस्तू मोठ्या कारखान्याने बनवायच्याच नाहीत. नेमके कपडे, खेळणी, चामड्याच्या वस्तू अशा, जिथे अल्पशिक्षित माणसं हजारोंनी लागतात, तेच धंदे त्यात होते. तयार कपडे २००१ च्या सुमारास यादीतून निघाले, शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये. गिरण्यांच्या मागांवरची बंदी आणि हे आरक्षण, दोन्हींमागचा हेतू लहानांना जपण्याचा होता. परिणाम असा झाला, की लहान लहानच राहिले आणि मोठे या धंद्यांत आलेच नाहीत. पेट्रोरसायनं, औषधं, मोटारी इथे ते गेले, जिथे भांडवल जास्त आणि माणसं कमी लागतात.

बांगलादेशला कसं जमलं मग?

१९७९ मध्ये देश गारमेंट्स या चितगावच्या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून १३० कर्मचारी बुसानला शिकायला पाठवले. त्यांतल्या बहुतेकांनी काही वर्षांतच ती नोकरी सोडून स्वतःचे किंवा इतरांचे कपड्यांचे कारखाने उभे केले. त्याच सुमारास सरकारने दोन सोयी केल्या. निर्यातीसाठी आणलेलं कापड आयातकर न भरता बंधित गोदामात ठेवता येऊ लागलं, आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्राच्या, म्हणजे त्याच्या बँकेने पैशांची दिलेल्या हमीच्या, आधारावर कापड आणण्यासाठी दुसरं पतपत्र उघडता येऊ लागलं. म्हणजे खिशात पैसे नसलेला माणूसही ऑर्डरच्या जोरावर कारखाना चालवू लागला.

आज तिथे सुमारे चाळीस लाख लोक या धंद्यात आहेत, बहुसंख्य स्त्रिया, आणि देशाच्या माल-निर्यातीतला चार पंचमांशाहून अधिक भाग कपड्यांचा आहे. २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसं मेली, तेही याच धंद्यात. इमारतीला तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं होतं. तेव्हा कारखानदारी म्हणजे आपोआप भलं, असं मी म्हणत नाही. पण एका छताखाली हजारो कामगार असतात तेव्हा तपासणी करता येते, करार लादता येतो, संघटना करता येते. त्या दुर्घटनेनंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक सुरक्षा करार झाला, तो त्यामुळेच शक्य झाला. चार मागांच्या शेडमध्ये कुणाशी करार करणार?

सगळे अर्थतज्ज्ञ हा सिद्धांत मानतात का?

नाही. नोबुया हारागुची आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की विकसनशील देश एकत्र धरले तर कारखानदारीचा वाटा घटलेला नाही. तो मोठ्या लोकसंख्येच्या मोजक्या देशांत, विशेषतः चीनमध्ये, एकवटला आहे. ही गोष्ट खरी आहे, पण ज्या देशाच्या वाट्याचं चीनमध्ये गेलं त्याला यातून दिलासा काय, ते मला कळत नाही.

आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला २०१० नंतर कारखानदारीतला रोजगार पुन्हा वाढल्याचंही आढळलं आहे. मात्र ही वाढ मुख्यतः लहान, नोंदणी नसलेल्या उद्योगांत आहे. भिवंडी पाहिलेल्याला हे ओळखीचं वाटेल.

अर्थतज्ज्ञ रघुराम राजन आणि रोहित लांबा यांचं म्हणणं वेगळं आहे. चीनच्या वाटेने जाण्याची वेळ गेली, भारताने अनुदानं कारखान्यांवर घालण्याऐवजी शिक्षण आणि निर्यातक्षम सेवांवर भर द्यावा, असं ते सांगतात. दीर्घ पल्ल्यासाठी मला यात बरंच तथ्य वाटतं. फक्त आज पस्तीस वर्षांचा आणि आठवी शिकलेला माणूस त्यात कुठे बसतो, याचं उत्तर त्यांच्याकडे पुरेसं नाही.

'मेक इन इंडिया' आणि उत्पादन-प्रोत्साहन योजनेने फरक पडला का?

२०११ च्या उत्पादन धोरणाचं लक्ष्य होतं, २०२२ पर्यंत देशाच्या उत्पादनात कारखानदारीचा वाटा २५ टक्के आणि दहा कोटी नवे रोजगार. २०१४ च्या 'मेक इन इंडिया'ने तेच उचललं. वाटा होता तिथेच राहिला.

२०२० पासूनच्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत १४ क्षेत्रांसाठी १.९७ लाख कोटींची तरतूद झाली. मोबाइल जुळणीत तिचं फळ दिसतं, विशेषतः चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात, जिथे वसतिगृहांत राहणाऱ्या हजारो तरुण मुली काम करतात. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांतल्या महिला कामगारांपैकी चाळीस टक्क्यांच्या वर एकट्या तामिळनाडूत आहेत. कारखाना-वसतिगृह-बस ही साखळी त्या राज्याने जमवली, हे मान्य करायला हवं. पण योजनेतल्या इतर बऱ्याच क्षेत्रांत पैसा भांडवलप्रधान उद्योगांकडे जातो. सौर पॅनेल किंवा बॅटरीच्या कारखान्यात कोटीमागे किती माणसं लागतात, हा प्रश्न अनुदान देताना आधी विचारायला हवा होता.

पुढच्या वर्षीचे आकडे आले की मी नेमकं काय बघावं?

श्रमबल सर्वेक्षणाच्या अहवालात उद्योगनिहाय तक्ता असतो. त्यात कारखानदारीचा वाटा एकटा बघू नका, शेती आणि बांधकाम शेजारी ठेवा. शेतीचा वाटा उतरला आणि तेवढाच बांधकामाचा चढला, तर काही बदललेलं नाही. मग नियमित पगारी कामगारांचा वाटा आणि त्यांपैकी लेखी करार नसलेले किती, ते बघा. तोच अहवाल ते देतो. त्यानंतर वार्षिक उद्योग पाहणीत कंत्राटी कामगारांचं प्रमाण, आणि वस्त्र, कपडे, चामडं, अन्नप्रक्रिया या चार गटांतली कामगारसंख्या. एकूण आकडा मोटारी आणि औषधांमुळे वर गेला असेल आणि हे चार गट जागीच असतील, तर शेतातून निघालेल्या माणसाला अजूनही साइटच गाठावी लागणार.